आजीचा कमरपट्टा मोडू नका, सहा तुकडे काढा

प्रश्न: मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. विधीला नऊवारी पैठणी आणि संध्याकाळी सहावारी शालू नेसायचं ठरलंय. माझ्या सासूबाईंचा चांदीचा कमरपट्टा घरात आहे. वजन ४२० ग्रॅम, लांबी ३८ इंच, मध्ये मोठं पान आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा तुकडे. मुलीची कंबर २८ इंच, तिला तो घसरतो. सराफ म्हणतात, मोडून नवा हलका घ्या. एका दुकानात ९२५ चा दाखवला, दुसऱ्यात 'ऐंशी टंच, पण मजुरी नाही' म्हणाले. काय करावं? वाकी, पैंजण, जोडवी कोणत्या मापाची आणि किती वजनाची घ्यावीत? – एक वधूमाय, सातारा

ताई,

कमरपट्टा मोडायची गरज नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच दिसतंय की तो कमी करता येईल आणि निघालेल्या तुकड्यांतून दंडाचे दागिनेही होतील. पण सोनाराकडे जाण्याआधी माप नव्याने घ्या, कारण २८ हा आकडा इथे उपयोगाचा नाही. ती नुसत्या कमरेची मोजणी झाली. कमरपट्टा नाभीच्या थोडा खाली, कमरेच्या हाडावर टेकतो आणि त्याच्या आत लुगड्याचे सगळे थर असतात. नऊवारीत पुढे निऱ्यांचा गठ्ठा येतो, मागे कासोटा खोचलेला असतो. सहावारीत मागचा उंचवटा नसतो, त्यामुळे त्याच मुलीची दोन साड्यांमधली मापं वेगळी निघतात.

माप असं घ्या. पैठणी नेसवायची नसेल तर घरातलं जाडसर सुती नऊवारी नेसवा, मात्र नेसवणारी व्यक्ती शक्यतो लग्नातलीच असू द्या, कारण निऱ्या किती घट्ट खोचायच्या याची प्रत्येकीची सवय निराळी असते. शिंप्याची टेप जुनी असली की ताणलेली असते, म्हणून न ताणणारी सुती नाडी घ्या. पट्टा जिथे बसायला हवा तिथून ती सरळ आडवी फिरवा आणि उभ्याने जुळते तिथे पेनाने खूण करा. मग मुलीला पाटावर मांडी घालून बसवा, पाच मिनिटं तशीच बसू द्या आणि दुसरी खूण करा. बसल्यावर पोट पुढे येतं आणि निऱ्या दबून बाजूला पसरतात. या दोन खुणांत दीड-दोन इंचांचा फरक सहज पडतो. लग्नघटकेपासून सप्तपदीपर्यंत मुलगी बराच वेळ बसलेलीच असते. उभ्याच्या मापाने केलेला पट्टा त्या वेळी पोटात रुततो आणि मग फासा मागून कुणीतरी सोडून ठेवतं. शेवटी शालू नेसवून तिसरी खूण करा.

नुसती कंबर २८ असलेल्या मुलीची मापं साधारण अशी निघतील: नऊवारीवर उभ्याने ३३, बसून ३५, शालूवर ३१. तुमच्या नाडीवरचे आकडे थोडे वेगळे येतील, पण पुढचा हिशेब तसाच राहील. पट्टा ३१ पासून ३५ पर्यंत कुठेही लावता आला पाहिजे. म्हणून एका नेमक्या मापाचा पट्टा करायचा नाही. तुकड्यांचा भाग सगळ्यात लहान मापापेक्षा थोडा आखूड ठेवायचा आणि उरलेलं अंतर मागच्या साखळीने भरून काढायचं.

आता तुमचा ३८ इंचांचा पट्टा. मधल्या पानाचे तीन इंच आणि मागच्या फाशाचे दोन धरले तर ३३ इंच उरतात. बावीस तुकड्यांत ते वाटले की एक तुकडा दीड इंचाचा होतो. पान साठेक ग्रॅम आणि फासा आठेक ग्रॅमचा धरला तर प्रत्येक तुकडा १६ ग्रॅमच्या आसपास येतो. पान बरोबर मध्ये राहायला हवं, म्हणून तुकडे दोन्ही बाजूंनी सारखे काढावे लागतात. दोन-दोन काढले तर पट्टा ३२ इंच होतो आणि शालूवर इंचभर सैल पडतो. तीन-तीन काढले तर २९ इंच राहतो. तीन-तीनच काढा. फाशाच्या एका टोकाला साडेसहा इंचांची साखळी जोडून घ्या, जिच्यात दर अर्ध्या इंचाला फासा अडकवता येईल अशी कडी असेल. मग पट्टा ३५॥ इंचांपर्यंत वाढतो. पैठणीच्या वेळी साखळी जवळजवळ पूर्ण वापरात येईल, शालूच्या वेळी तिचं चार-साडेचार इंचांचं शेपूट मागे लोंबेल. त्याच्या टोकाला छोटा घुंगरू लावला की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. मागे कडक तुकड्यांऐवजी साखळी असण्याचा आणखी एक फायदा असा की कासोट्याच्या उंचवट्यावर ती मऊ बसते आणि खुर्चीला टेकताना पाठीत टोचत नाही.

सोनाराला एक गोष्ट स्पष्ट सांगा: तुकडा करवतीने कापायचा नाही. अशा पट्ट्यात दोन तुकड्यांच्या मध्ये बिजागरीसारखा कब्जा असतो आणि त्यातून एक बारीक खीळ गेलेली असते. ती खीळ काढली की तुकडा अख्खा सुटतो. त्याला आच लागत नाही, नक्षीतला जुना काळसरपणा, मीना किंवा मागची लाख काहीच बिघडत नाही आणि उद्या कुणाला पट्टा मोठा हवा असला तर तेच तुकडे परत बसवता येतात. पट्टा हातात आहे तोवर सगळ्याच खिळा बदलून घ्या. जुन्या पट्ट्यांत पत्रा सहसा शाबूत असतो, झिजते ती खीळ. वर्षानुवर्षं घासून ती मध्ये बारीक होते आणि ऐन गर्दीत निसटते. नवी खीळ चांदीच्याच तारेची हवी, तिची दोन्ही टोकं ठोकून बोथट केलेली हवीत. लोखंडी किंवा पितळी तार घातली तर तिचा डाग साडीवर उतरतो आणि पुढे पट्टा मोडीत देताना टंचही कमी भरतो. खिळा बदलल्यावर पट्टा एका टोकाने उचलून हलक्या हाताने झटका. कुठे खुळखुळ आवाज जास्त आला तर तो कब्जा सैल आहे.

काढलेले सहा तुकडे म्हणजे सुमारे ९६ ग्रॅम चांदी झाली. दुकानात मोड म्हणून देऊ नका. तीन-तीन तुकडे जोडले की साडेचार इंचांची पट्टी होते आणि प्रत्येकीचं वजन ४८ ग्रॅमच्या आसपास राहतं. तिच्या दोन टोकांना कड्या डाखून पटवेकऱ्याकडून रेशमी दोरी आणि गोंडे गाठवून घ्या. हे झाले बाजूबंद, तेही कमरपट्ट्याच्याच नक्षीचे, कुठल्याही दुकानात जुळवून न मिळणारे. दंड साडेदहा इंचांचा असला तर आतल्या बाजूचे सहा इंच दोरी सांभाळते. काखेजवळची कातडी नाजूक असते, तिथे धातूपेक्षा रेशीम बरं.

पट्ट्यावरून उरलेलं वजन साधारण ३२५ ग्रॅम, साखळी धरून ३४० पर्यंत. मुलीला हे जड वाटेल का, ही शंका रास्त आहे, पण कमरपट्ट्याचा भार हाडावर नीट टेकला तर एवढं वजन दिवसभर जाणवत नाही. जाणवतं ते पट्टा सैल असला की. सैल पट्ट्यात साठ ग्रॅमचं पान पुढे झुकतं, पट्टा पुढून खाली आणि मागून वर सरकतो आणि मुलगी सारखा हात लावत राहते. पानाच्या मागे दोन चपटे आकडे डाखून घ्या आणि ते निऱ्यांच्या वरच्या घडीत अडकवा. सेफ्टी पिनेने पान टाचू नका. पिनेवर भार आला की पैठणीची जर उसवते.

आता नवा घेण्याचाच विचार पक्का झाला असेल तर त्यातली मेख वजन आणि पत्रा यांच्या नात्यात आहे. ३४ इंच लांब, सव्वा इंच रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड अशी ९२५ चांदीची सपाट पट्टी केली तर ती सुमारे १४० ग्रॅम भरते. पत्रा ०.३ मिलिमीटरचा असला तर ८५ ग्रॅमच. त्यावर पान, कब्जे आणि फासा यांचं वजन वेगळं. म्हणजे या मापाचा भरीव दिसणारा पट्टा कुणी शंभर ग्रॅममध्ये दाखवत असेल तर पत्रा पातळ आहे आणि नक्षी ठशाने उठवलेली, मागून पोकळ आहे. तुकडा उलटा करून मधल्या भागावर अंगठ्याने दाबून पाहा. दबला तर तो बसताना-उठताना चेपणार. जाळीकामाचा असेल तर वजन कमी असणं साहजिक आहे, तिथे जाळीच्या टोकांकडे लक्ष द्या. पट्ट्याच्या मागून जुन्या रेशमी कापडाचा तुकडा फिरवा. एक धागा जरी ओढला गेला तरी तो पट्टा पैठणीवर चालणार नाही, कडा घासून मगच घ्या. नव्या पट्ट्यात तुकडे इंचाहून लांब नकोत, कारण लांब सपाट तुकडा बरगडीखालच्या वळणावर बसत नाही, त्याची टोकं उभी राहतात. आजीच्या पट्ट्याचे दीड इंची तुकडे मागून थोडे वळवलेले आहेत का ते पाहा. नसतील आणि टोचत असतील तर सोनार ते तापवून, नरम करून वळवू शकतो. थंड चांदी ठोकून वळवू देऊ नका, जुनी घडवलेली चांदी कडक झालेली असते आणि तडकते. मागे लाख भरलेली असेल तर मात्र तापवणंही नको, तसेच राहू द्या.

शुद्धतेचा प्रश्न. शंभर टंच म्हणजे निव्वळ चांदी. ती इतकी मऊ असते की फाशाचा आकडा हाताने उघडतो, म्हणून कमरपट्ट्यासारख्या भार पेलणाऱ्या दागिन्यात तिची हौस करू नये. ९२५ मध्ये हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं असतं. तांब्यामुळे कडकपणा येतो. कमरपट्टा, वाकी, जोडवी यांना ९२५ योग्य आहे. ८०० म्हणजे तुमच्या दुकानदाराचं 'ऐंशी टंच'. तेही टिकाऊ असतं, पण तांबं जास्त असल्याने लवकर काळपट-तांबूस पडतं. भारतीय मानकात चांदीच्या दागिन्याची सगळ्यात खालची पायरी ८०० आहे. त्याखालच्या, म्हणजे सत्तर किंवा साठ टंचाच्या मालावर हॉलमार्क होऊच शकत नाही. बाजारात हलकी पैंजणं अशाच टंचाची पुष्कळ मिळतात.

'मजुरी नाही' या शब्दांत काय दडलंय ते हिशेबाने पाहा. सोपं जावं म्हणून निव्वळ चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू, तुम्ही त्या दिवसाचा भाव घाला. ऐंशी टंचाचा २५० ग्रॅमचा पट्टा पूर्ण भावाने लावला तर २५,००० रुपये होतात. त्यात चांदी मात्र २०० ग्रॅम, म्हणजे २०,००० रुपयांची. उरलेले पाच हजार हीच मजुरी, फक्त ती वेगळी लिहिलेली नाही. दुसऱ्या दुकानात ९२५ चा तेवढ्याच वजनाचा पट्टा असेल तर त्यात २३१ ग्रॅमहून थोडी जास्त चांदी आहे. त्याचे २३,१२५ रुपये आणि ग्रॅमला १५ रुपये घडणावळ धरली तर ३,७५० मिळून २६,८७५ होतात. आज हा पट्टा १,८७५ रुपयांनी महाग दिसतो, पण पुढे मोडीत गेला तर चांदीची किंमत ३,१२५ रुपयांनी जास्त येते. म्हणून दोन्ही दुकानांत एकच प्रश्न विचारा: 'निव्वळ चांदी किती ग्रॅम आणि तिच्या वर तुम्ही एकूण किती रुपये घेता?' या प्रश्नाला सरळ उत्तर देणारं दुकान निवडा. दोन्हींवर तीन टक्के जीएसटी वेगळा येईल. ९२५ सांगून निव्वळ चांदीच्या पूर्ण भावाने लावणारेही आहेत, तेव्हा हिशेब तिथेही करा.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवरही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, पण कमरपट्ट्याएवढी चांदी घेताना तो मागावा. दागिन्यावर मानक संस्थेचं चिन्ह आणि त्यासोबत 'सिल्व्हर', शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक दिसला पाहिजे. मोबाइलवरच्या BIS Care ॲपमध्ये Verify HUID उघडून क्रमांक टाका आणि दागिन्याचा प्रकार व शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळते का ते दुकानातच पाहा. नुसतं '९२५' असं ठोकलेलं असेल तर तो कारागिराचा शिक्का, त्यामागे तपासणी झालेलीच असेल असं नाही.

आजीच्या पट्ट्यावर यातलं काही नसणार. त्याचा टंच गृहीत धरू नका, वरही नाही आणि खालीही नाही. पूर्वी घरातले चांदीचे रुपये आटवून दागिने करण्याची पद्धत होती. राणीछाप रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती, तर १९४० नंतरच्या रुपयांत ती निम्म्यावर आली. म्हणजे पट्टा कोणत्या रुपयांचा झाला यावर बरंच अवलंबून आहे. तपासणीत एक खाच आहे. सराफाच्या काउंटरवरचं टंच मोजणारं एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. दागिन्याला उजाळा देताना आम्लात बुडवतात तेव्हा पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चांदीचा थर उरतो, म्हणून उजळलेला दागिना यंत्रावर खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. उलट डाखाच्या जागी यंत्र धरलं तर टंच कमी दिसेल, कारण डाख मुळातच हलक्या चांदीचा असतो. म्हणून तुकड्याच्या मागच्या बाजूला, डाखापासून दूर, कानशीने जरासं घासून तिथे यंत्र धरायला सांगा. पान, एक तुकडा आणि फासा अशी तीन ठिकाणची मापं घ्या. फासा बहुधा नंतर बदललेला असतो. मागे लाख असेल तर ४२० ग्रॅममध्ये तीही मोजली गेली आहे, हे सराफाला आणि स्वतःलाही आठवण करून द्या.

लोहचुंबक घरी लावून बघू नका, त्याने फसगत होते. पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांनाही चुंबक ओढत नाही, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते.

बाजूबंद घरातच होणार असले तरी मुलीला घट्ट, न बांधायची वाकीच हवी असेल तर तिचं माप वेगळं घ्यावं लागेल. आधी ठरवा की वाकी ब्लाउजच्या बाहीवर बसणार की बाहीच्या काठाखाली. बाहीवर बसणार असेल तर ब्लाउज शिवून आल्याशिवाय वाकी घेऊ नका, अस्तर आणि काठ मिळून पाव इंच सहज वाढतो. खांदा आणि कोपर यांच्या मधल्या जागी दंड सैल सोडून मोजा, मग कोपरात हात वाकवून मोजा. सैल साडेदहा आणि वाकवून अकरा आला तर वाकीचा आतला घेर पावणेअकरा ठेवा. घातल्यावर करंगळी जेमतेम आत गेली पाहिजे. दोन बोटं गेली तर वाकी कोपराकडे घसरणार, कारण दंड खाली निमुळता होत जातो. समोरच्या भागाचं वजन जास्त असेल तर ती फिरतेसुद्धा. एका वाकीला ३५ ते ५० ग्रॅम पुरेत.

वाकीत मळसूत्राची फिरकी असलेला प्रकार नवरीसाठी चांगला. मागून उघडी, ओढून-दाबून घालायची वाकी स्वस्त पडते, पण दर वेळी तोंड फाकवल्याने मागची पट्टी कडक होत जाते आणि एक दिवस तिथेच मोडते. तीच घेतली तर तोंड फाकवू नका. दंडाच्या आतल्या बाजूने आडवी सरकवून मग फिरवून बसवा. फिरकीच्या वाकीत स्क्रू पाच-सहा आटे तरी आत जायला हवा आणि तो बारीक साखळीने वाकीलाच जोडलेला हवा. हरवला तर त्याच आट्यांचा दुसरा मिळत नाही. डावी-उजवी जोडी आहे ना, हेही पाहा. मोर किंवा कोयरीची तोंडं दोन्ही वाक्यांत एकाच दिशेला असतील तर दुकानदाराने दोन वेगळ्या जोड्यांतल्या वाक्या दिल्या आहेत.

सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची वाकी घेतलीत तर मुलाम्याखालची चांदी किती टंचाची हे बिलावर हवं. मुलाम्याचे पैसे मोडीत परत मिळत नाहीत. तशी वाकी चिंच, लिंबू किंवा चांदी उजळायच्या पावडरीने घासली की मुलामा जातो, तिला फक्त रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ कापड.

पैंजणाचं माप घोट्याच्या हाडावरून घ्या, हाडाच्या वरच्या बारीक भागावर नाही. तिथे ९ इंच आले तर पैंजण दहा इंचांचं. साडेदहाचं टाचेवर येतं आणि लुगड्याच्या काठात अडकतं. नवरीला रोज घालायचं असेल तर जोडीचं वजन ६० ते १०० ग्रॅम पुरे. त्याहून हलक्या पैंजणाच्या कड्या नुसत्या दाबून बंद केलेल्या असतात. भिंगातून बघा, कडीची फट डाखलेली नसेल तर ती उघडणार. कोल्हापूरजवळच्या हुपरीची पैंजणं तुमच्याकडे सहज मिळतील, काम चांगलं असतं, पण टंच तिथेही विचारूनच घ्या. गाव टंचाची हमी देत नाही.

जोडव्यांचं माप संध्याकाळी आणि उभं राहून घ्या. पायावर भार आला की बोटं पसरतात, बसून घेतलेलं जोडवं चालताना रुततं. जोडवं उघड्या तोंडाचं असेल तर त्याची टोकं बोटाच्या खालच्या बाजूला येतात. ती गोल घासलेली हवीत, नाहीतर आठवड्यात शेजारच्या बोटाला घट्टा पडतो. सासरी पहिल्या दिवसापासून घालायची म्हणून ९२५ चीच घ्या, उंच फुलांची टाळा. मासोळ्या आणि विरोद्या हव्या असतील तर त्या हलक्या घेऊन विधीपुरत्या घातल्या तरी चालतात.

बिलावर एकूण वजन, खडे-लाख-दोरी वजा करून उरलेलं वजन, टंच, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ या पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या. आजीचा पट्टा कामाला देताना पावतीवर तुकड्यांची संख्या लिहा, नुसतं वजन नको. परत घेताना तुकडे मोजा, वजन करा आणि काढलेल्या खिळासुद्धा मागून घ्या. काम दिवाळीच्या आधीच द्या, कारण तुळशीच्या लग्नानंतर सोनार आणि पटवेकरी दोघांकडेही गर्दी होते. लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी मुलीला पूर्ण नऊवारी नेसवून सगळे दागिने घाला, पाटावर बसवा, वाकून नमस्कार करायला लावा आणि पाच पायऱ्या चढायला सांगा. वाकताना पट्टा बरगडीला लागला तर साखळीची एक कडी सोडा. चढताना पैंजण अडकलं तर त्याच्या दोन कड्या काढायला अजून वेळ असतो. हळदीला यातलं काहीही घालू नका, कब्ज्यांत आणि नक्षीत शिरलेली हळद लवकर निघत नाही आणि ती पुढे पैठणीला लागते. तोपर्यंत दागिने मलमलीत गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा, पण जोडी बांधायला रबरबँड वापरू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर नेमकी त्याच जागी काळी रेघ उठते.